जाहिरातीच्या पहिल्या एक्सपोर्ट फाइलची बेरीज जुळत नाही: कोणते रकाने ठेवावेत, कोणते सोडावेत आणि कोणत्यांची नावे बदलावीत

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील लहान व्यावसायिकांचे जाहिरातीचे मासिक हिशेब मी तयार करतो. नवीन माणूस मेटाच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या, अॅड्स मॅनेजरमधून पहिल्यांदा फाइल उतरवून घेतो, तेव्हा त्याच्यासमोर येणारी अडचण जवळजवळ नेहमी एकच असते. ती मी इतक्या वेळा दुरुस्त केली आहे की आता फाइल उघडण्यापूर्वी काय विचारायचे, याचा क्रम ठरून गेला आहे. तोच क्रम येथे देत आहे.

लक्षणे

पुढीलपैकी एक जरी गोष्ट दिसत असेल, तरी हे लेखन आपल्यासाठी आहे. खर्चाच्या रकान्याची बेरीज पडद्यावरील खर्चाच्या बरोबर दुप्पट येते. `Results` या रकान्याची बेरीज हजारोंत जाते, पण व्हॉट्सअॅपवर आलेल्या चौकशा शंभर-सव्वाशेच असतात. `Reach` ची बेरीज पडद्यावरील आकड्यापेक्षा बरीच मोठी निघते. `Cost per results` ची सरासरी काढली, तर ती विश्वास ठेवण्यासारखी दिसते, पण एकूण खर्च भागिले एकूण चौकशा हा हिशेब केल्यास वेगळेच उत्तर येते. शेवटचे लक्षण म्हणजे, सगळे जुळवल्यानंतरही बँकेतून गेलेली रक्कम फाइलमधील खर्चापेक्षा जास्त असते.

यांपैकी बहुतेक वेळा फाइल चुकलेली नसते. तिच्यात बेरीज करण्यासारखे रकाने आणि बेरीज मुळीच न करण्यासारखे रकाने शेजारीशेजारी बसवलेले असतात, आणि शीर्षकावरून तो फरक कळत नाही. म्हणून नावे बदलण्याचे काम मी सजावटीचे मानत नाही. पुढच्या महिन्यात तीच चूक पुन्हा होऊ नये, यासाठीचा तो बंदोबस्त आहे.

उदाहरणासाठी घेतलेली फाइल

फैजपूर परिसरात घरगुती स्तरावर केळीचे वेफर्स तयार करणाऱ्या एका ताईंनी १ ते १५ ऑक्टोबर या काळात चार कॅम्पेन चालवली होती. दिवाळीच्या ऑर्डर व्हॉट्सअॅपवर याव्यात, हा त्यांचा मुख्य हेतू होता. समजण्यास सोपे जावे म्हणून आकडे मी गोल केले आहेत, पण त्यांची रचना प्रत्यक्ष फाइलसारखीच ठेवली आहे.

पहिले कॅम्पेन जळगाव जिल्ह्यासाठी होते आणि लोकांनी व्हॉट्सअॅपवर संदेश पाठवावा, असा त्याचा उद्देश होता. त्यावर ३,००० रुपये खर्च झाले आणि `Results` मध्ये १२० दिसत होते. दुसरे तशाच उद्देशाचे, पण धुळे जिल्ह्यासाठी होते. खर्च ६०० रुपये आणि `Results` १२. तिसरे कॅम्पेन तिन्ही जिल्ह्यांत चालले आणि त्यात भावपत्रकाच्या पानावर जाणारा दुवा होता; खर्च १,८०० रुपये, `Results` ९००. चौथेही तिन्ही जिल्ह्यांत होते, पण ते केवळ नाव लोकांच्या नजरेस पडावे म्हणून चालवले होते. खर्च १,२०० रुपये आणि `Results` मात्र ३०,०००.

ताईंनी ही फाइल उघडली, प्रत्येक रकान्याखाली बेरीज टाकली आणि मला फोन करून सांगितले, "दादा, खर्च तेरा हजार दोनशे दाखवते आहे. मी तर एवढे पैसे भरलेच नाहीत."

पहिली तपासणी: तारखा आणि चलन

या तपासणीला एक मिनिट लागते. फाइलमध्ये `Reporting starts` आणि `Reporting ends` असे दोन रकाने असतात. प्रत्येक ओळीत त्याच त्या तारखा दिसतात, म्हणून नवीन माणूस ते सर्वांत आधी पुसून टाकतो. तसे करू नये. पडद्यावर 'गेले ३० दिवस' निवडलेले असताना आणि फाइल मात्र पंधरा दिवसांची असताना आकडे कधीच जुळणार नाहीत, आणि हे रकाने नसतील तर त्याचे कारणही सापडणार नाही. बेरजेच्या पत्रकात ते लपवले तरी चालतील, पण मूळ फाइलमध्ये राहिले पाहिजेत.

चालू दिवस मी फाइलमध्ये कधीच घेत नाही, कारण त्याचे आकडे अपूर्ण असतात. त्याआधीच्या काही दिवसांच्या `Results` मध्येही नंतर थोडी भर पडू शकते. आज जाहिरातीवर क्लिक केलेल्या माणसाने चार दिवसांनी वेबसाइटवर खरेदी केली, तर ती खरेदी ठरलेल्या मुदतीत बसत असल्यास त्या जाहिरातीच्या नावावर जमा होते. ती मुदत `Attribution setting` या रकान्यात लिहिलेली असते. हा रकाना दर महिन्याला वाचण्याची गरज नाही, परंतु दोन कॅम्पेनची तुलना करण्यापूर्वी त्यांची मुदत सारखी आहे ना, एवढे एकदा पाहून घ्यावे आणि मग तो लपवावा.

खर्चाच्या शीर्षकातील कंसही वाचावा. तेथे `Amount spent (INR)` असेल, तर पुढे जावे. दुसरे कोणतेही चलन असेल, तर ते खाते उघडतानाच चुकीचे निवडले गेले आहे, आणि अशा फाइलवर बेरीज-वजाबाकी करत बसण्यात अर्थ नाही. त्याविषयी शेवटी लिहिले आहे.

दुसरी तपासणी: बेरजेची ओळ आधीच आहे का

दुप्पट खर्चाचे कारण दहापैकी नऊ वेळा येथेच सापडते. फाइल एक्सपोर्ट करताना `Include summary row` असा एक पर्याय असतो. तो निवडलेला राहिला, तर सर्व कॅम्पेनची एकत्रित ओळ फाइलमध्ये येते. त्या ओळीत कॅम्पेनच्या नावाचा रकाना रिकामा असतो, त्यामुळे ती चटकन नजरेस पडत नाही. ताईंच्या फाइलमध्ये चार कॅम्पेनचे ३,०००, ६००, १,८०० आणि १,२०० मिळून ६,६०० रुपये होत होते, आणि त्या एकत्रित ओळीतही ६,६०० होते. दोन्ही मिळून १३,२०० झाले, एवढाच तो घोटाळा होता.

ही ओळ अनेक जण पुसून टाकतात. मी ती कापून वेगळ्या शीटवर ठेवतो, कारण तिच्यात एक आकडा असा असतो जो उरलेल्या ओळींवरून कधीच काढता येत नाही. तो म्हणजे एकूण `Reach`. त्याचा उपयोग पाचव्या तपासणीत होईल.

तिसरी तपासणी: एक ओळ म्हणजे नेमके काय

अॅड्स मॅनेजरमध्ये कॅम्पेन, अॅड सेट आणि अॅड असे तीन स्तर आहेत. ज्या टॅबवर उभे राहून आपण एक्सपोर्ट करतो, त्या स्तराच्या ओळी मिळतात. शिवाय दिवसवार किंवा वयोगटानुसार फोड केलेली असेल, तर प्रत्येक ओळीचे आणखी तुकडे होतात. चार कॅम्पेनची फाइल दिवसवार काढल्यास पंधरा दिवसांत साठ ओळी येऊ शकतात. मग "चारच जाहिराती होत्या, साठ कुठून आल्या" असा प्रश्न पडतो.

पहिल्या फाइलसाठी माझा आग्रह असा आहे की ती कॅम्पेन स्तरावरची, कोणतीही फोड नसलेली असावी. खर्च आणि `Impressions` कोणत्याही स्तरावर बेरजेला तयार असतात, परंतु `Reach` प्रत्येक तुकड्यागणिक अधिक फुगत जातो. एकदा साध्या फाइलचा हिशेब हातात बसला की मग दिवसवार फाइल काढण्यास हरकत नाही.

कॅम्पेनची नावे मराठीत असतील आणि उघडल्यावर त्यांच्या जागी विचित्र चिन्हे दिसत असतील, तर फाइल `.csv` ऐवजी `.xlsx` या स्वरूपात पुन्हा उतरवून घ्यावी. बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होते.

चौथी तपासणी: `Results` म्हणजे कशाचा निकाल

सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा. `Results` हा एकच रकाना असला, तरी त्यातील प्रत्येक ओळ वेगळी वस्तू मोजत असते. कॅम्पेन तयार करताना जो उद्देश निवडला, त्याप्रमाणे तो आकडा ठरतो. ताईंच्या पहिल्या दोन ओळींत सुरू झालेले संवाद होते, तिसरीत दुव्यावरील क्लिक होते आणि चौथीत जाहिरात पाहिलेली माणसे होती. त्यांची बेरीज ३१,०३२ येते. ६,६०० रुपयांना तिने भागले, तर प्रत्येक निकाल २१ पैशांना पडला असे उत्तर मिळते. हा आकडा कागदावर फार सुंदर दिसतो, आणि तो पूर्णपणे निरर्थक आहे. बाजार समितीच्या आवारात केळीचे घड, कापसाच्या गाठी आणि आलेल्या गाड्या एकत्र मोजून "एकूण इतके नग" असे कोणी लिहीत नाही. तसेच हे आहे.

कोणत्या ओळीत काय मोजले आहे, हे शेजारच्या `Result indicator` या रकान्यात लिहिलेले असते. त्यातील मजकूर संगणकी भाषेत असल्याने लोक तो निरुपयोगी समजून सर्वांत आधी काढून टाकतात, आणि माझ्या अनुभवात पहिल्या फाइलमधील ही सर्वांत महागडी चूक आहे. ताईंच्या फाइलमध्ये तेथे पुढील तीन प्रकार होते:

```
actions:onsite_conversion.messaging_conversation_started_7d
actions:link_click
reach
```

पहिल्या प्रकारातील `7d` या दोन अक्षरांकडे लक्ष द्यावे. एखाद्या माणसाने किमान सात दिवसांच्या खंडानंतर आपल्या व्यवसायाशी संवाद सुरू केला, की तो येथे मोजला जातो. याचा अर्थ असा की गेल्या वर्षीचा जुना ग्राहक जाहिरात पाहून पुन्हा बोलू लागला, तरी तो मोजला जाईल. आणि दोन दिवसांपूर्वीच बोललेला माणूस जाहिरातीवरून पुन्हा आला, तर तो मोजला जाणार नाही. म्हणून या रकान्याला 'नवीन ग्राहक' किंवा 'ऑर्डर' असे नाव देऊ नये. पुष्कळ जण ते देतात आणि महिनाअखेरीस वहीतील ऑर्डर कमी का, म्हणून जाहिरात करणाऱ्याला दोष देतात.

मी `Result indicator` चे नाव 'काय मोजले' असे ठेवतो आणि `Results` चे 'किती मोजले'. ही दोन नावे जाणूनबुजून एकमेकांवर अवलंबून ठेवली आहेत, कारण एक वाचल्याशिवाय दुसऱ्याचा अर्थ लागू नये. त्यानंतर 'काय मोजले' या रकान्यातील संगणकी मजकुराच्या जागी 'संवाद', 'दुवा क्लिक' आणि 'माणसे' असे साधे शब्द लिहितो. मूळ मजकूर असलेली शीट मात्र तशीच, हात न लावता ठेवतो.

पाचवी तपासणी: कोणत्या रकान्यांची बेरीज किंवा सरासरी करता येत नाही

`Impressions` म्हणजे जाहिरात किती वेळा दिसली, आणि `Reach` म्हणजे ती किती जणांना दिसली. जळगावातील एकाच बाईंनी ताईंची पहिली जाहिरातही पाहिली असेल आणि तिसरीही. जाहिरात दिसण्याच्या वेळा दोन झाल्या, माणूस मात्र एकच. ताईंच्या फाइलमध्ये `Reach` चे आकडे अनुक्रमे २४,०००, ८,०००, २०,००० आणि ३०,००० होते. त्यांची बेरीज ८२,००० होते, परंतु बाजूला ठेवलेल्या एकत्रित ओळीत ६८,००० होते. मधले १४,००० म्हणजे एकाहून अधिक कॅम्पेनमध्ये पुन्हा मोजली गेलेली माणसे. खरा आकडा ६८,००० हाच आहे आणि तो बेरजेने मिळवण्याचा कोणताही मार्ग नाही. म्हणूनच ती ओळ पुसू नये, असे वर लिहिले.

या रकान्याचे नाव मी 'माणसे-बेरीज नको' असे ठेवतो. शीर्षकातच सूचना लिहिणे थोडे विचित्र वाटेल, पण तीन महिन्यांनी दुसऱ्या कोणाच्या हाती फाइल गेली, तर हीच सूचना उपयोगी पडते.

`Frequency` म्हणजे `Impressions` भागिले `Reach`. ताईंच्या चार ओळींत ती २.५, १.५, २.५ आणि १.५ अशी होती आणि सरासरी २ येत होती. प्रत्यक्षात जाहिराती एकूण १,६७,००० वेळा, ६८,००० जणांना दिसल्या होत्या, म्हणजे प्रत्येकाला सरासरी २.४६ वेळा. भागाकाराने तयार झालेल्या कोणत्याही रकान्याची सरासरी घेतली की अशीच फसगत होते. `Frequency`, `Cost per results`, तसेच `CPM`, `CPC` आणि `CTR` ही अक्षरे शीर्षकात असलेले सर्व रकाने या जातीचे आहेत. पहिल्या फाइलमधून ते सगळे लपवावेत. ज्यांच्यापासून ते तयार झाले, ते मूळ रकाने आपल्याकडे आहेतच. गरज पडेल तेव्हा भागाकार आपण करावा.

`Cost per results` बद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण लोक त्यावरून पैशांचे निर्णय घेतात. ताईंच्या फाइलमध्ये तो २५, ५०, २ आणि ४० रुपये असा होता. चौथ्या ओळीतील ४० रुपये हे एका माणसासाठी नसून दर हजार माणसांसाठी होते, कारण केवळ लोकांपर्यंत पोहोचण्याच्या कॅम्पेनमध्ये हा दर हजारी दाखवला जातो. म्हणजे एकाच रकान्यात दोन वेगवेगळी मापे होती. चारही आकड्यांची सरासरी २९.२५ रुपये येते, आणि ताईंनी 'एक चौकशी साधारण तीस रुपयांना पडते' असे वहीत लिहूनही ठेवले होते. खऱ्या उत्तराच्या ती जवळ होती, पण तो निव्वळ योगायोग होता, आणि अशी जवळ जाणारी चूक सर्वांत उशिरा सापडते.

योग्य रीत अशी आहे की फक्त संवादाच्या ओळी घ्याव्यात. त्यांचा खर्च ३,००० अधिक ६००, म्हणजे ३,६०० रुपये. संवाद १२० अधिक १२, म्हणजे १३२. आणि भागाकार २७.२७ रुपये. केवळ या दोन ओळींच्या दरांची सरासरी घेतली असती, तर ३७.५० आले असते, कारण त्या सरासरीत धुळ्याच्या बारा संवादांना जळगावच्या एकशेवीस संवादांइतकेच वजन मिळाले असते. आणखी एक धोका असा की ज्या कॅम्पेनमध्ये पैसे गेले पण एकही संवाद आला नाही, तेथे दराचा चौकोन रिकामा राहतो आणि एक्सेलची सरासरी रिकामे चौकोन मोजतच नाही. पैसे वाया घालवणारे कॅम्पेनच हिशेबातून गायब होते.

एक्सेलमध्ये 'काय मोजले' हा रकाना B मध्ये, 'किती मोजले' C मध्ये आणि खर्च D मध्ये असेल, आणि H2 या चौकोनात 'संवाद' हा शब्द लिहिलेला असेल, तर पुढील सूत्र पुरते:

```
=SUMIFS(D:D,B:B,H2)/SUMIFS(C:C,B:B,H2)
```

हे सूत्र संवाद न आलेल्या कॅम्पेनचा खर्चही धरते, परंतु त्या ओळीतील 'काय मोजले' हा चौकोन रिकामा नसेल तरच. निकाल शून्य असलेल्या ओळीत तो चौकोन रिकामा आढळला, तर कॅम्पेनचा उद्देश पडद्यावर पाहून तेथे 'संवाद' हा शब्द हाताने लिहावा.

क्लिकचे दोन रकाने

काही फायलींत `Clicks (all)` आणि `Link clicks` असे दोन रकाने शेजारी येतात आणि पहिल्यातील आकडा मोठा असतो. पहिल्यात जाहिरातीवर कोठेही झालेला स्पर्श मोजला जातो. कोणी आवड नोंदवली, कोणी पानाच्या नावावर टिचकी मारली, कोणी पुढचा मजकूर वाचण्यासाठी उघडला, हे सगळे त्यात येते. दुव्यावर गेलेली माणसे पाहायची असतील, तर दुसरा रकाना ठेवावा आणि त्याला 'दुवा क्लिक' म्हणावे. पहिला लपवावा. मोठा आकडा ग्राहकाला दाखवण्याचा मोह होतो, म्हणून मी तो फाइलमध्ये दिसूच देत नाही.

शेवटी काय उरते

ताईंच्या पत्रकात आम्ही सातच रकाने ठेवले. `Campaign name` ला 'कॅम्पेन', `Result indicator` ला 'काय मोजले', `Results` ला 'किती मोजले', `Amount spent (INR)` ला 'खर्च-जीएसटीविना', `Impressions` ला 'किती वेळा दिसली' आणि `Reach` ला 'माणसे-बेरीज नको' अशी नावे दिली. सातवा रकाना एक्सपोर्टमध्ये नव्हताच. तो 'वहीतील ऑर्डर' या नावाने हाताने भरला.

बाकीचे रकाने लपवले. `Campaign delivery` आणि `Ends` यांत त्या क्षणाची स्थिती असते, हिशेब नसतो. `Bid` चा रकाना नवख्या खात्यात बहुधा रिकामा किंवा शून्य असतो. बजेटचा रकाना मात्र केवळ लपवू नये, त्याच्यापासून सावधही राहावे, कारण बजेट म्हणजे ठरवलेली मर्यादा आणि खर्च म्हणजे प्रत्यक्ष गेलेली रक्कम. दोन्हींच्या शीर्षकाखाली रुपयांचेच आकडे असल्याने घाईत चुकीचा रकाना बेरजेला घेतलेला मी अनेकदा पाहिला आहे. `Quality ranking` आणि त्याच्या जोडीचे दोन रकाने अॅडच्या स्तरावर आणि जाहिरात किमान ५०० वेळा दिसल्यानंतरच भरतात. पहिल्या फाइलमध्ये त्यांचा विचारच करू नये.

हाताने भरलेल्या रकान्याने चित्र बदलले. १३२ संवादांतून वहीत ३१ ऑर्डर नोंदल्या होत्या. अॅड्स मॅनेजरला हा आकडा माहीत असण्याचे कारण नाही, कारण पैशांचा व्यवहार व्हॉट्सअॅपवरील बोलण्यानंतर आणि काही वेळा प्रत्यक्ष घरी येऊन झाला होता.

सहावी तपासणी: बँकेतून गेलेली रक्कम

`Amount spent` मध्ये जीएसटी धरलेला नसतो. भारतात या जाहिरातींवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणून ६,६०० रुपयांच्या खर्चाचे ७,७८८ रुपये होतात. संवादाच्या दोन कॅम्पेनपुरते पाहिले, तर ३,६०० रुपयांचे ४,२४८ होतात आणि ३१ ऑर्डरनी भागल्यावर एक ऑर्डर १३७ रुपयांना पडते. ज्या ताई अर्ध्या किलोच्या पाकिटावर नफा मोजत होत्या, त्यांच्यासाठी २७ रुपये आणि १३७ रुपये यांतील अंतर हाच खरा प्रश्न होता. त्यांनी पुढच्या पंधरवड्यात दुव्याचे आणि ओळखीचे कॅम्पेन बंद ठेवून एका किलोपेक्षा कमी ऑर्डर न घेण्याचे ठरवले.

जीएसटी धरूनही थोडा फरक राहिला, तर बिलाच्या तारखा पाहाव्यात. रक्कम ज्या दिवशी कापली जाते आणि खर्च ज्या दिवशी होतो, ते दिवस सारखे असतीलच असे नाही. ३० तारखेचा खर्च पुढच्या महिन्याच्या बिलात जाऊ शकतो, आणि आधी पैसे भरून ठेवण्याच्या पद्धतीत बँकेतून रक्कम आधी जाते व खर्च मागाहून होतो. म्हणून फाइल बँकेच्या पासबुकाशी न जुळवता खात्याच्या बिलिंग विभागातील नोंदींशी जुळवावी.

कोठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

खर्चाच्या शीर्षकात `INR` सोडून दुसरे चलन असेल, किंवा दिवस मध्यरात्री न बदलता भलत्याच वेळी बदलत असल्याचे आकड्यांवरून दिसत असेल, तर खात्याचे चलन किंवा वेळक्षेत्र चुकीचे आहे. हे बदलताना जुना हिशेब वेगळा पडू शकतो. ज्याने हे काम पूर्वी केले आहे, अशा माणसाशिवाय त्या सेटिंगला हात लावू नये.

फाइलमध्ये आपण न चालवलेले कॅम्पेन दिसले, किंवा बिलिंगमधील रक्कम जीएसटी आणि तारखा धरूनही जुळली नाही, तर एक्सेलमध्ये कारण शोधत बसू नये. खात्यात दुसरे कोणी शिरले असण्याची शक्यता त्यात आहे. त्याच दिवशी सर्व कॅम्पेन थांबवावीत, पासवर्ड बदलावा, खात्यात कोणाकोणाला प्रवेश दिला आहे ते पाहावे आणि प्लॅटफॉर्मच्या मदत विभागाकडे तक्रार नोंदवावी; भरणा कार्डाने होत असेल, तर बँकेलाही कळवावे.

स्वतःची वेबसाइट असून `Result indicator` मध्ये खरेदी मोजली जात असेल आणि ती प्रत्यक्ष ऑर्डरींच्या जवळजवळ दुप्पट येत असेल, तर एकच खरेदी ब्राउझरमधील पिक्सेल या छोट्या कोडकडून आणि सर्व्हरकडून अशी दोनदा कळवली जात असावी. हा दोष रकान्यांत नसून वेबसाइटच्या जोडणीत आहे आणि तो वेबसाइट तयार करणाऱ्या तंत्रज्ञानेच दुरुस्त करावा. त्याच्याकडे जाताना एकाच दिवसाच्या ऑर्डरींची यादी आणि त्याच दिवसाची, हात न लावलेली एक्सपोर्ट फाइल, दोन्ही सोबत न्यावीत.

भरलेल्या जीएसटीची वजावट आपल्याला मिळेल का, हा प्रश्न मात्र सनदी लेखापालाचा आहे. नोंदणी कोणत्या प्रकारची आहे आणि बिलावर जीएसटी क्रमांक आहे का, यांवर त्याचे उत्तर ठरते, आणि फाइलमधील कोणताही रकाना ते देऊ शकत नाही.